फॉलोअर मुंबईचे, मग पोस्ट कोणत्या भाषेत?

इन्स्टाग्रामवर छोटा व्यवसाय, वर्ग किंवा संस्था चालवणाऱ्या वाचकांचे प्रश्न अलीकडे एकाच वळणाचे येतात. "आमचे निम्मे फॉलोअर मुंबईचे आहेत, मग हिंदीत लिहू का?" "बहुतेक जण पंचविशी-तिशीचे दिसतात, म्हणजे इंग्रजीच लागेल ना?" "रात्री नऊला सगळे ऑनलाइन असतात, तेव्हा मराठी टाकावं की इंग्रजी?" प्रत्येक प्रश्नात एक आकडा असतो आणि त्या आकड्यावरून थेट भाषेवर उडी मारलेली असते.

अडचण अशी की तुमचा वाचक कोणती भाषा वाचतो, हे इनसाइट्सचा कोणताही पडदा सांगत नाही. फेसबुक पेजच्या जुन्या आकडेवारीत भाषेचा एक रकाना असे. पण त्यात दिसायची ती फेसबुक वापरण्यासाठी निवडलेली भाषा. आपल्याकडे आजीचाही फोन इंग्रजीत असतो, त्यामुळे त्या रकान्याचा उपयोग तेव्हाही फारसा नव्हता. आता तुमच्या हाती तीन गोष्टी उरतात: गाव, वय आणि सक्रिय वेळा. तिन्ही उपयोगाच्या आहेत, पण प्रत्येकीचं उत्तर वेगळ्या प्रश्नाला लागू पडतं.

हे नीट दिसावं म्हणून एक कल्पित खातं घेऊ. समजा, दापोली तालुक्यातलं एक बागायतदार कुटुंब हापूसच्या पेट्या, कोकम आणि फणसपोळी विकतं. फॉलोअर ६,४०० आहेत. पेट्या फक्त मुंबई, ठाणे आणि पुणे या भागांत पोचवल्या जातात. आजवर सगळं मराठीत चाललं होतं. आता घरातली धाकटी सून म्हणते आहे की निम्म्या पोस्ट इंग्रजीत करू. या खात्याचे पुढचे सगळे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत मात्र हीच राहील.

आकडे कुठून काढायचे

खातं व्यावसायिक प्रकारचं असावं लागतं. वैयक्तिक खात्याला ही आकडेवारी मिळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते बदलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. फॉलोअर किमान १०० असल्याशिवाय गाव-वयाची विभागणी दिसत नाही. अॅपच्या आवृत्तीनुसार नावं थोडी सरकतात, पण वाट साधारण अशी आहे:

- प्रोफाइलवर Professional dashboard उघडा, तिथून Insights मध्ये जा आणि एकूण फॉलोअरच्या ओळीवर टॅप करा.
- खाली सरकत गेलात की Top locations दिसेल. त्यात शहरं आणि देश असे दोन पर्याय आहेत. दोन्ही टिपून घ्या.
- Age range मध्ये १३-१७, १८-२४, २५-३४, ३५-४४, ४५-५४, ५५-६४ आणि ६५+ असे गट असतात.
- Most active times मध्ये तास आणि वार असे दोन भाग आहेत. तासांच्या आलेखात वार बदलता येतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.
- मग मागे येऊन Views उघडा. तिथे फॉलोअर आणि फॉलोअर नसलेले यांची फोड, तसंच बघणाऱ्यांची शहरं आणि वयं मिळतात. ही यादी आधीच्या यादीपेक्षा वेगळी असते.

फोनवर शहरांची यादी पाचावर थांबते. संगणकावर Meta Business Suite उघडून Insights मध्ये Audience पाहिलंत तर जास्त शहरं दिसतात. भाषेचा निर्णय घ्यायचा असेल तर ती लांब यादीच घ्या.

फॉलोअरांची गाव-वयाची फोड ही आजची स्थिती असते. मागच्या मार्चमध्ये पुण्याचे किती टक्के होते, हे अॅप सांगणार नाही. म्हणून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला हे आकडे एका शीटमध्ये उतरवून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सहा महिन्यांनी एखादी भाषा वाढवल्यावर गावं बदलली का, हे तपासायला दुसरा मार्ग नाही.

शहराचं नाव काय सांगतं, काय सांगत नाही

आपल्या उदाहरणात फोनवरच्या पाच ओळी अशा आल्या: मुंबई २४ टक्के, पुणे १७, ठाणे ६, रत्नागिरी ४, बंगळुरू ३. बेरीज ५४ होते. म्हणजे ४६ टक्के लोक या यादीत नाहीतच. "आमचे सगळे मुंबई-पुण्याचे" असं म्हणण्याआधी ही बेरीज करा. शिवाय महानगर एकाच नावानं येत नाही. नवी मुंबई, कल्याण, पिंपरी वगैरे नावं वेगळ्या ओळींवर येतात. ती लांब यादीतून शोधून आपल्या हातानं एकत्र करावी लागतात. त्यानंतर मुंबई परिसर कदाचित चाळीस टक्क्यांच्या आसपास जाईल आणि चित्र बदलेल.

आता भाषा. रत्नागिरीच्या ओळीबद्दल शंका नाही. पुण्याबद्दल थोडी आहे. मुंबईबद्दल मात्र मोठीच आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख होते आणि हिंदी सांगणारे सुमारे ३६ लाख. एकूण लोकसंख्या सव्वा कोटीच्या जवळ. म्हणजे मराठी साधारण ३५ टक्के. उरलेल्यांत हिंदीबरोबर गुजराती, उर्दू आणि इतर पुष्कळ भाषा आहेत. जनगणनेचे मातृभाषेचे तक्ते जिल्हावार उपलब्ध आहेत. सी-१६ या क्रमांकानं शोधा. ते आता जुने झाले, तरी शहराशहरांतला फरक कळायला पुरतात.

पण हा ३५ टक्क्यांचा आकडा थेट आपल्या मुंबईच्या फॉलोअरांवर चिकटवायचा नाही. ६,४०० चे २४ टक्के म्हणजे १,५३६ मुंबईकर. त्यातले ३५ टक्के, म्हणजे ५४० च्या आसपास मराठी, असा हिशेब काही एजन्सी मांडून दाखवतात. तो चूक आहे. हे १,५३६ लोक मुंबईतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. ज्या खात्याची प्रत्येक रील मराठीत आहे, त्याच्या मागे आपण होऊन आलेले ते लोक आहेत. त्यांत मराठी जास्तच असणार. जनगणनेचा उपयोग एवढाच की कोणत्या ओळीवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. रत्नागिरीची ओळ गृहीत धरा, मुंबईची तपासा.

महाराष्ट्राबाहेरच्या ओळी उलट दिशेनं फसवतात. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद ही नावं दिसली की "हे आपले नव्हेत" असं वाटतं. या शहरांत मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि घरात मराठी बोलली जाते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बंगळुरूचे तीन टक्के हे नोकरीसाठी गेलेले पुणेकर असू शकतात किंवा आंब्याचे कन्नड चाहते. इनसाइट्समधून ते कळणार नाही. पण बंगळुरूला पेटी जात नसेल तर कळून घ्यायची घाईही नाही.

तपासायचं कसं: चौकश्यांची वही

माझ्या मते भाषेचा सगळ्यात खरा पुरावा इनसाइट्समध्ये नसून तुमच्या मेसेजमध्ये असतो. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या शेवटच्या शंभर-सव्वाशे चौकश्या काढा. प्रत्येकीसमोर गाव आणि भाषा लिहा. भाषेचे रकाने चार ठेवा: देवनागरीतली मराठी, रोमन अक्षरांतली मराठी, हिंदी, इंग्रजी. दुसरा रकाना विसरू नका, तोच पुढे कामाला येतो.

समजा, आपल्या बागायतदारांना १२० चौकश्या सापडल्या. मुंबई-ठाण्याच्या ५० पैकी २९ मराठीत होत्या, १३ इंग्रजीत आणि ८ हिंदीत. त्या २९ मराठी मेसेजपैकी १९ रोमन अक्षरांत होते. पुण्याच्या ४० पैकी ३३ मराठी. उरलेल्या ३० इतरत्रच्या. त्यांत परदेशातून आलेले सहा इंग्रजी मेसेज होते, आणि सहाही जणांना पेटी पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या आईवडिलांकडे पाठवायची होती.

या वहीनं तीन गोष्टी कळल्या. मुंबईतही विकत घेणाऱ्यांत मराठीचं पारडं जड आहे. पण इंग्रजीत विचारणारे चौथ्या हिश्श्याहून जास्त आहेत, त्यांना वगळून चालणार नाही. आणि परदेशचे फॉलोअर पेटी खात नसले तरी पैसे तेच भरतात.

एक सावधगिरी. लोक तुमच्याच भाषेत उत्तर देतात. आजवर सगळं मराठीत असल्यानं ज्यांना मराठी येत नाही त्यांनी विचारलंच नसेल. म्हणून ही वही आहेत त्या ग्राहकांबद्दल बोलते, न आलेल्यांबद्दल नाही. न आलेल्यांसाठी Views मधली फॉलोअर नसलेल्यांची फोड आणि पुढे सांगितलेली चाचणी वापरा.

वय लिपीबद्दल बोलतं

"तरुण म्हणजे इंग्रजी" हे समीकरण सोडून द्या. आपल्या खात्यात २५-३४ चे ३१ टक्के आहेत, ३५-४४ चे ३४, ४५-५४ चे १७, १८-२४ चे ९ आणि ५५ च्या वरचे ९. यातले बरेचसे घरात मराठीच बोलतात. फरक पडतो तो वाचण्यात. इंग्रजी माध्यमात शिकलेला पंचविशीतला मुलगा कोकणातल्या काकांचं बोलणं मजेत ऐकतो, पण कॅप्शनमधला आठ ओळींचा देवनागरी मजकूर वाचत नाही. पन्नाशीतल्या मावशी तो पूर्ण वाचतात आणि खाली "छान!" असं लिहूनही जातात.

रोमन मराठीतले १९ मेसेज हेच सांगतात. बोलणं मराठी, बोटं मात्र इंग्रजी कीबोर्डवर. अशा वाचकाला इंग्रजी रील देणं म्हणजे त्याच्याकडे जे आहे तेच काढून घेणं. त्याला मराठी बोलणं हवं आणि पडद्यावर चार-पाच शब्दांचा ठळक मजकूर हवा. पूर्ण कॅप्शन रोमन मराठीत लिहायचा सल्ला मी देणार नाही. तो वाचायला सगळ्यांनाच त्रास होतो. मात्र शोधताना लोक रोमनच टाइप करतात, म्हणून शेवटी `#hapus` किंवा `#dapoli` असे दोन-तीन टॅग ठेवावेत.

वयाचा आकडा ज्याच्या-त्याच्या खात्यावर नोंदवलेल्या जन्मतारखेवर आधारलेला असतो. काही मंडळी ती खोटी टाकतात. पाच-सात टक्क्यांच्या फरकावर निर्णय फिरवू नका. १८-२४ चा गट तिप्पट झाला तरच भाषेची रचना बदलण्याचा विचार करा.

सक्रिय वेळा: स्टोरीसाठी कामाच्या, रीलसाठी फारशा नाहीत

हा आलेख सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो. तो तुमचे फॉलोअर इन्स्टाग्रामवर कधी असतात ते सांगतो, तुमची पोस्ट कधी बघतात ते नाही. आणि तो सगळ्या गावांचा मिळून असतो. अमेरिकेचे वेगळे तास, पुण्याचे वेगळे, अशी फोड अॅप देत नाही.

समजा, आपल्या खात्यात पहाटे तीनच्या पट्टीवर ९०० आणि सहाच्या पट्टीवर २,१०० दिसले. सूनबाई म्हणतात, "ही अमेरिकेतली मंडळी, तेव्हा तिकडे रात्र असते. सकाळी इंग्रजी टाकू." वेळेचा हिशेब बरोबर आहे. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. आपल्या सकाळी सहाला तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो. पण देशांची यादी पाहा: अमेरिका ४ टक्के. ६,४०० चे ४ टक्के म्हणजे २५६ माणसं. तीन ते सहा या वेळात वाढले १,२००. सगळीच्या सगळी अमेरिका जागी झाली तरी उरलेले जवळपास साडेनऊशे लोक कुठून आले? ते इथलेच आहेत. चहा घेत फोन बघणारे, पहिल्या लोकलमध्ये बसलेले. त्यांना मराठीच द्या.

हा हिशेब कोणत्याही आलेखाला लावता येतो. उंचवटा ज्या देशामुळे आहे असं वाटतं, त्या देशाचे एकूण फॉलोअर काढा. उंचवटा त्याहून मोठा असेल तर कारण दुसरं आहे. दुसरी खूण वारांची. परदेशातला शुक्रवार रात्रीचा वापर आपल्याकडे शनिवारी सकाळी दिसतो. शनिवार-रविवारी सकाळची पट्टी इतर दिवसांपेक्षा लवकर चढत असेल तर परदेशी वाटा खरा असण्याची शक्यता आहे. आपल्याकडचे लोक तर त्या दिवशी उशिरा उठतात.

वेळ पाहून भाषा ठरवायचीच असेल तर ती स्टोरीसाठी ठरवा. स्टोरी चोवीस तासांत जाते, रील पुढे कित्येक दिवस नव्या लोकांना दिसत राहते. रील सहाला टाकली की नऊला, यानं भाषेचा प्रश्न सुटत नाही. आपल्या खात्याला मी एवढंच सुचवेन: परदेशातून आईवडिलांसाठी पेटी मागवणाऱ्यांना उद्देशून आठवड्यात एक इंग्रजी स्टोरी, शनिवारी सकाळी. बाकी स्टोऱ्या मराठीत.

मिश्रण पोस्टमोजणीचं नाही, थरांचं

"दहातल्या पाच मराठी, पाच इंग्रजी" हा पहिला विचार असतो आणि बहुधा तो वाईट ठरतो. इंग्रजी पोस्ट मराठी वाचकाला परकी वाटते, मराठी पोस्ट इंग्रजी वाचकाला, आणि दोघंही निम्म्या वेळा पुढे सरकतात. त्याऐवजी एका रीलमध्ये भाषेला चार जागा असतात, हे ध्यानात घ्या. प्रत्येक जागा वेगळ्या आकड्यावरून ठरते.

- बोलणं. हे गाव आणि चौकश्यांच्या वहीवरून ठरवा. आपल्या खात्यात ते मराठीच. बागेत उभं राहून बोलणाऱ्या माणसाचा सूर हीच या खात्याची ओळख आहे.
- पडद्यावरचा मजकूर. हा वयावरून ठरवा. आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात. छोट्या देवनागरी ओळी, किंमत आणि तारीख अंकांत. इंग्रजी चौकश्या चौथ्या हिश्श्याच्या पुढे गेल्या असतील तर बोलण्याचा सारांश खाली इंग्रजीत द्या.
- कॅप्शन. हे फॉलोअर नसलेल्यांच्या फोडीवरून ठरवा. कॅप्शनच्या पहिल्या दीड-दोन ओळीच उघड्या दिसतात, पुढचं दाबल्याशिवाय नाही. वर मराठी आणि खाली इंग्रजी असं लिहिलंत तर इंग्रजी वाचकाला काहीच दिसत नाही. म्हणून पहिल्या ओळीत दोन्ही भाषांना जागा द्या. एक छोटं मराठी वाक्य, लगेच एक छोटं इंग्रजी, मग सविस्तर.
- प्रोफाइलची ओळख, दरपत्रक आणि हायलाइट. ऑर्डर द्यायला तयार झालेला माणूस इथे येतो. इथे सगळ्या भाषा ठेवा.

हिंदीचं काय? ५० पैकी ८ चौकश्या हिंदीत आहेत. तेवढ्यासाठी वेगळ्या हिंदी रील करायची गरज मला दिसत नाही. हिंदीत दरपत्रक तयार ठेवा आणि हिंदीत विचारणाऱ्याला हिंदीत उत्तर द्या. ही संख्या पुढच्या हंगामात पंधरा-वीसवर गेली तर पुन्हा बघता येईल.

अशा रीतीनं दहा रीलचा आराखडा बनतो: सहा मराठी बोलण्याच्या, इंग्रजी सारांशासह. दोन बिनबोलण्याच्या, जसं आढीतला आंबा, पेटी भरणं, ज्यांत मजकूर दोन्ही भाषांत. आणि दोन सूनबाईंच्या इंग्रजी बोलण्याच्या, फक्त शहरी ग्राहकाच्या प्रश्नांवर: पेटी कधी पोचेल, आंबा पिकवायचा कसा, खराब निघाला तर काय. या दोन्ही रील चाचणीच्या आहेत. ठरलेल्या नव्हेत.

चाचणी घ्यायची तर अशी

एक मराठी रील आणि एक इंग्रजी रील यांची तुलना करून काही कळत नाही. दोन्ही भाषांच्या किमान सहा-सहा घ्या. विषय सारख्या वजनाचे ठेवा, आळीपाळीनं टाका, सारख्या वेळी टाका, कुणावरही पैसे लावून जाहिरात करू नका. प्रत्येक रीलचे आकडे सात दिवसांनी टिपा.

लाइक मोजू नका. लाइक बोट पटकन जातं म्हणूनही मिळतात. शेअर आणि सेव्ह यांची बेरीज करा, तिला पोचलेल्या खात्यांच्या संख्येनं भागा आणि हजारानं गुणा. समजा, मराठीच्या सहा रीलना दर हजारी ९, ११, ७, १२, १० आणि ४१ मिळाले, तर इंग्रजीच्या सहांना ६, ८, ५, ९, ७ आणि ६. सरासरी काढली तर मराठी १५ आणि इंग्रजी पावणेसातच्या आसपास, दुपटीहून जास्त फरक. पण ती ४१ ची रील कुठल्याशा मोठ्या खात्यानं पुढे पाठवलेली होती. म्हणून आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घ्या. मराठीचा मधला साडेदहा, इंग्रजीचा साडेसहा. मराठी पुढे आहेच, पण दुपटीनं नाही, आणि इंग्रजी अगदी पडलेलीही नाही.

याच्या जोडीला दोन तपासण्या करा. पहिली, इंग्रजी रीलच्या बघणाऱ्यांत फॉलोअर नसलेले किती आणि ते कोणत्या शहरांतले. ते मुंबई-पुण्याचे असतील तर इंग्रजीनं नवा ग्राहक आणला. दिल्ली-लखनौचे असतील तर फक्त आकडा वाढला, पेटी कुठेच जाणार नाही. दुसरी, लोक रील कितव्या सेकंदाला सोडून जातात. पहिल्या दोन-तीन सेकंदांतच निम्मे गेले असतील तर दोष बहुधा भाषेचा नव्हे, सुरुवातीच्या दृश्याचा.

स्टोरीवर मतचाचणीचा स्टिकर लावून विचारलंत तरी चालेल. पण "मराठी आवडतं का?" असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. "ऑर्डरची माहिती कोणत्या भाषेत पाठवू?" असं विचारा. कुणी कशावर मत दिलं ते तुम्हाला दिसतं, त्यामुळे उत्तर वहीत उतरवता येतं.

आकडे बिघडवणाऱ्या गोष्टी

पैसे लावून केलेली जाहिरात ही पहिली. तुम्ही ज्या शहरांत आणि वयात ती दाखवलीत तीच शहरं आणि वयं नंतर बघणाऱ्यांच्या यादीत वर येतात. तो तुमच्याच निवडीचा प्रतिध्वनी असतो, वाचकांचा कौल नव्हे. जाहिरातीचा महिना बाजूला ठेवून दुसरा महिना वाचा.

दुसरी म्हणजे बक्षिसांची सोडत. "तीन मित्रांना टॅग करा, पेटी जिंका" यातून आलेले फॉलोअर शहरांची टक्केवारी कायमची वाकडी करतात. विकत घेतलेल्या फॉलोअरांचं तर बोलायलाच नको. ज्या देशाशी तुमचा संबंध नाही तो यादीत अचानक वर दिसला तर तिकडेच बघा.

तिसरी, टक्केवारीचा भ्रम. पुणे १७ वरून १४ वर आलं म्हणजे पुणेकर गेले असं नाही. एकूण संख्या वाढली आणि मुंबईकर जास्त आले, तरी असंच दिसतं. शीटमध्ये टक्क्यांशेजारी नेहमी माणसंही लिहा.

यूट्यूब चॅनल असेल तर

यूट्यूब स्टुडिओच्या Analytics मध्ये Audience हा भाग आहे. तिथे देश, वय आणि प्रेक्षक यूट्यूबवर कधी असतात ते मिळतं. वेळा तुमच्या स्थानिक घड्याळानुसार आणि मागच्या २८ दिवसांच्या असतात. शहरं हवी असतील तर Advanced mode मध्ये जावं लागतं. इथे एक जास्तीचा फायदा आहे. प्रेक्षकांनी कोणत्या भाषेची सबटायटल लावली तेही दिसतं. मराठी व्हिडिओला हातानं तयार केलेली इंग्रजी सबटायटल जोडा आणि दोन महिन्यांनी तो आकडा पाहा. बघण्याच्या वेळेतला मोठा भाग त्या सबटायटलसह जात असेल, तर वेगळा इंग्रजी व्हिडिओ करण्याची मेहनत वाचली.

तुमचे हक्क आणि तुमच्या ग्राहकांचे

खातं एजन्सी सांभाळत असेल तर महिन्याला तयार तक्ता पाठवून ती मोकळी होते. त्यावर समाधान मानू नका. पेजवर पूर्ण नियंत्रण तुमच्या नावानं असावं आणि एजन्सीला हवं तेवढ्या कामाचाच प्रवेश द्यावा. Meta Business Suite मध्ये पोस्ट टाकणं, मेसेज बघणं, जाहिरात आणि इनसाइट्स असे वेगवेगळे प्रवेश देता येतात. करार संपला की ते काढता येतात. खातं एजन्सीच्याच नावावर उघडलेलं निघालं, तर करार चालू असतानाच ते आपल्याकडे घ्या. नंतर अवघड जातं.

इनसाइट्समध्ये एकेका माणसाचं नाव येत नाही, म्हणून ते आकडे भागीदाराला किंवा प्रायोजकाला दाखवायला हरकत नाही. चौकश्यांची वही मात्र वेगळी. त्यात माणसं आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यावी लागते आणि माणसाला ती मागे घेता येते, माहिती पुसायलाही सांगता येते. कायद्याचे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्यानं लागू होतात. भाषेच्या निर्णयासाठी तुम्हाला नाव आणि नंबर लागतच नाहीत. गाव, भाषा आणि महिना एवढे तीन रकाने पुरतात. बाकीचं वहीत उतरवूच नका. ऑर्डरच्या फॉर्मवर "माहिती कोणत्या भाषेत हवी?" हा प्रश्न घातलात, तर पुढच्या हंगामात मुंबईच्या ओळीबद्दल अंदाज बांधावा लागणार नाही.